खरड छाटणीच्या दिवसांतला वारा

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाने मला काम दिलं होतं: शेजारच्या दगडखाणी आणि खडी क्रशरचा पर्यावरणीय परिणाम अहवाल चार पानांत, गावाला कळेल असा मांडायचा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पवाल्यांनी मराठी सारांश द्यायचाच असतो. तो दिलेला होता. त्यात धुळीबद्दल एकच वाक्य, ‘परिणाम नगण्य’. माझ्या मते हे लोकांना अंधारात ठेवणं आहे.

मूळ अहवालात आकडे होते. हवेच्या दर घनमीटरमागे पीएम १० ही बारीक धूळ ६८ मायक्रोग्रॅम, खाणींमुळे जास्तीत जास्त ९ ची भर, म्हणजे ७७. चोवीस तासांची मर्यादा १००. बेरीज बरोबर होती. मी अडलो तो ‘विंड रोज’पाशी, म्हणजे वारा कुठल्या दिशेने किती वाहतो ते दाखवणाऱ्या चित्रापाशी. मोजणी मार्च ते मे या काळातली. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी नियमाला चालते. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणून ती ९ ची भर खाणीच्या पूर्वेला, उघड्या माळावर पडत होती. द्राक्षबागा पश्चिमेला आहेत.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते, वेलीवर घड नसतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डिसेंबर-जानेवारीत मणी भरतात आणि तेव्हा वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. मण्यावर पांढरट, मेणासारखा थर असतो. त्यावर बसलेली धूळ पुसायला गेलं की थरही निघतो, आणि असा घड निर्यातीच्या पेटीत जात नाही.

मी हे लिहिलं, पण तिसऱ्या पानावर, उपायांच्या खाली. उपाय म्हणजे क्रशरला आच्छादन, कडेने झाडं, रस्त्यावर टँकरने पाणी. टँकर पाणी कुठून आणणार, हे अहवालात नव्हतं, तेही नोंदवलं.

प्रकल्पाच्या जनसुनावणीला अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष होते. बोलणारे बहुतेक सुरुंगाच्या हादऱ्यांवर आणि नोकऱ्यांवर बोलले. मग एक बागायतदार ताई माझं तिसरं पान हातात घेऊन उठल्या. “साहेब, तुम्ही मोजलं तेव्हा माझ्या बागेत घडच नव्हता. घड असतो तेव्हाचा वारा मोजलाय का?” अहवाल करणारे सल्लागार म्हणाले, अंतिम अहवालात बघू.

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं. ताईंच्या प्रश्नाचं झालं होतं, ‘धुळीबाबत चिंता व्यक्त केली, पाणी मारण्यात येईल.’ माणसाचा नेमका प्रश्न असा गुळगुळीत करून टाकायची ही सवय मला सहन होत नाही. ताई परत उठल्या आणि ‘हिवाळी हंगामाची मोजणी करावी’ हे शब्द घालून घेतल्याशिवाय खाली बसल्या नाहीत. वाचन संपायच्या आत सांगितलं म्हणून जमलं.

तिसरं पान उघडलेले त्या मंडपात किती जण होते, हे राहून राहून मनात येतं. वाऱ्याची गोष्ट पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत हवी होती.