तुम्ही विचारलंत म्हणून : सामाईक मॉनिटरची ठरलेली सेटिंग

"अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मी रिझोल्यूशन कमी केलं होतं, ते तुम्ही परत का वाढवलंत? आणि ब्राइटनेस ज्याचा त्याने का ठेवायचा नाही?"

खिडकीजवळचा चोवीस इंची मॉनिटर १९२० × १०८० ठिपक्यांचा आहे. तो १३६६ × ७६८ वर चालवला की अक्षर मोठे होते, पण चित्राच्या एका ठिपक्याच्या वाट्याला आडवे आणि उभे पडद्याचे सुमारे १.४ ठिपके येतात. ठिपका अर्धवट पेटत नसल्यामुळे रंग शेजारी पसरतो आणि कडा फुगतात. गेल्या महिन्यात टॉवेलच्या एका ऑर्डरमध्ये 380 डझनऐवजी 330 नोंदले गेले. मी त्याच पडद्यावर डोळे जवळ नेऊन पाहिले, तेव्हा 8 ची डावी बाजू फिकट होऊन तो 3 सारखाच दिसत होता. नोंद करणाऱ्याला दोष देणे मला योग्य वाटले नाही.

म्हणून रिझोल्यूशन, म्हणजे Display resolution, सर्वांसाठी Recommended लिहिलेलेच राहील. अक्षर मोठे हवे असल्यास Settings > System > Display मध्ये Scale १२५ टक्के करावे, म्हणजे तेच अक्षर अधिक ठिपके वापरून नव्याने रेखले जाते आणि स्पष्ट राहते. त्याची किंमत एवढीच की खातेवहीचे एखाद-दोन रकाने पडद्याबाहेर जातात. हे माप तुमच्या लॉगिनपुरतेच राहते, त्यामुळे दुपारच्या पाळीतल्या सहकाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. साठ्याचा आपला जुना प्रोग्रॅम मात्र १२५ टक्क्यांवरही धूसर दिसतो. तसे झाल्यास मला सांगावे, त्याच्या Compatibility मध्ये वेगळी सोय करता येते.

ब्राइटनेसचे तसे नाही. तो मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांवरून ठरतो आणि मॉनिटरमध्येच साठतो, लॉगिन कोणाचेही असो. सकाळी कोणी १०० वर नेला, तर संध्याकाळी बसणाऱ्याचे डोळे चुरचुरतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी सोलापूरचे ऊन थेट टेबलावर येते, म्हणून आपण सर्वांनी मिळून त्या मॉनिटरसाठी खिडकीचा पडदा ओढून दिवसा ७० आणि दिवे लागल्यावर ४० असे ठरवले. हे आकडे दुसऱ्या मॉडेलला लागू नाहीत, कारण प्रत्येक मॉडेलचा ७० चा उजेड वेगळा असतो. भिंतीकडच्या मॉनिटरचे आकडे त्याच्याच चिठ्ठीवर आहेत.

आकडा बरोबर आहे का, हे पाहायला कोरे पान उघडून शेजारी पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा भासला तर उजेड जास्त, राखाडी वाटला तर कमी. बटणांच्या मेनूतला वीजबचतीचा मोड मी बंद ठेवला आहे, कारण तो चालू असला की उजेड आपोआप बदलतो आणि ठरलेला आकडा टिकत नाही. कोणाला हे आकडे तरीही सोसत नसतील, तर बटण दाबण्याआधी त्या टेबलावरच्या जोडीदाराशी बोलून मला कळवावे. मी दोघांसमोर कागद धरून नवा आकडा चिठ्ठीवर लिहीन.