खोली क्रमांक २०७ : हरवलेल्या पाटल्या आणि सत्तेचाळीस मिनिटे पुढे धावणारे कुलूप

महाबळेश्वरच्या एका बेचाळीस खोल्यांच्या हॉटेलात मी ड्यूटी मॅनेजर म्हणून काम करते. सोमवारी सकाळी ८:२० वाजता २०७ मधल्या ताई रिसेप्शनवर आल्या आणि कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या सोन्याच्या पाटल्या नाहीत, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. सोबत त्यांचे यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई होत्या. शनिवारी दुपारी सोलापूरहून आलेले हे कुटुंब सोमवारीच अकरा वाजता खोली सोडणार होते. यजमानांचे पहिलेच वाक्य होते, "मॅडम, तुमच्या साफसफाईच्या मुलाला बोलवा, बाकी काही विचारू नका."

मी त्या मुलाला बोलावले नाही. संशयिताला तक्रारदारासमोर उभे केले की पुढच्या पाच मिनिटांत जे बोलले जाते, ते कोणत्याही कागदावर दुरुस्त करता येत नाही. दोघांनाही मी ऑफिसात बसवले, रिसेप्शनवरच्या सहकाऱ्याला साक्षीदार म्हणून सोबत घेतले आणि त्यांनी काय सांगितले ते ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे, अशी विनंती केली. वस्तू कशी दिसते, वजन किती, शेवटची कधी आणि कुठे पाहिली, त्यानंतर खोलीत कोण कोण होते, एवढेच प्रश्न मी विचारले आणि उत्तरे सुचवली नाहीत. "कुठेतरी राहिल्या असतील" हे वाक्य मी कटाक्षाने टाळले, तसेच "चोरी" हा शब्दही आमच्या लॉगबुकात लिहिला नाही. "पाहुण्यांच्या म्हणण्यानुसार वस्तू सापडत नाही, वेळ ८:२०", एवढीच नोंद केली.

ताईंनी लिहिले की रविवारी जेवायला बाहेर पडताना, एकच्या सुमारास, त्यांनी ड्रॉवर उघडून पाटल्या पाहिल्या होत्या आणि वजन साधारण साडेचार तोळे होते. शनिवारी रात्री मुलाने काढलेल्या एका फोटोत त्या हातात स्पष्ट दिसत होत्या. तो फोटो मी त्यांच्याकडून मागून घेतला. पुढचे सगळे या एकच्या वेळेवर फिरणार होते, हे मला तेव्हा कळले नव्हते. मात्र ती वेळ त्यांनी स्वतः लिहिली होती आणि खाली सही केली होती, ही गोष्ट नंतर फार मोलाची ठरली.

खोलीचा शोध पाहुण्यांसमोर, आमच्या दोन जणांनी घेतला. गादी, अभ्रे, कपाटामागची फट, कचऱ्याची पिशवी हे सगळे आम्ही पाहिले. पाहुण्यांच्या बॅगांना मात्र आम्ही हात लावला नाही, त्या ताईंनी स्वतः उघडल्या. बाल्कनीची कडी आतून लागलेली होती, हेही लिहून ठेवले. लाँड्रीची गाडी दहाला यायची होती, ती मी थांबवली. रविवारच्या चादरी आणि अभ्रे अजून लाँड्रीच्या खोलीतच पडून होते, ते एकेक झटकून पाहिले. पाटल्या मिळाल्या नाहीत. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही २०७ बंद केली, सगळ्या कर्मचाऱ्यांना त्या खोलीत जायला मनाई केली आणि कुटुंबाला शेजारची २०९ मोफत उघडून दिली. बिलाचा विषय मी स्वतःहून काढला नाही. यजमान बिल भरणार नाही म्हणाले, तेव्हा बिल आणि तक्रार हे दोन वेगळे कागद आहेत, एकासाठी दुसरा अडवणार नाही, एवढेच सांगितले. अशा वेळी बिल माफ करून प्रकरण मिटवायचा मोह होतो. तो आवरावा, कारण उद्या कोणी विचारले, तर ती माफी म्हणजे कबुली, असाच अर्थ लावला जातो.

इथपर्यंतचे सगळे तासाभरात झाले होते. पुढे दिवसाचे आठ तास एकाच गोष्टीवर गेले आणि आजही त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

आमच्या दारांची कुलुपे कार्डाची आहेत, परंतु ती संगणकाला जोडलेली नाहीत. प्रत्येक कुलपात स्वतःचे घड्याळ आणि स्वतःची छोटी नोंदवही असते. कोणते कार्ड कधी लागले हे पाहायचे, तर हातात धरायचे यंत्र दारापाशी नेऊन ती नोंद उतरवावी लागते. यंत्र कपाटात होते. त्याचा पासवर्ड मात्र वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरकडे होता आणि आमच्यापैकी कोणीही तो कधी लिहून घेतला नव्हता. कुलूपवाल्या कंपनीला फोन केला, तर त्यांनी ईमेलवर तक्रार क्रमांक घ्यायला सांगितले. क्रमांक आला, मग हॉटेलच्या लेटरहेडवर मालकांच्या सहीचे पत्र हवे म्हणाले. मालक मुंबईत होते. पत्र गेले, तर "तंत्रज्ञ जेवायला गेला आहे" असे उत्तर आले. मी दुपारभर फोन करत होते आणि माझ्यासमोर सोफ्यावर त्या सासूबाई पदराने चष्मा पुसत बसून होत्या. त्यांना मी दर तासाने जाऊन काय झाले ते सांगत होते. सांगण्यासारखे काही नसले, तरी काही नाही हेही सांगायला हवे, कारण गप्प बसलेले हॉटेल पाहुण्यांना लपवाछपवी करणारे वाटते.

पासवर्ड ५:१० ला मिळाला. यंत्रावर नोंद उतरली आणि वाचून माझ्या पोटात गोळाच आला. रविवारी दुपारी १:११ ला साफसफाईच्या मुलाच्या कार्डाने २०७ चे दार उघडले होते. ताईंनी पाटल्या एकच्या सुमारास पाहिल्या होत्या आणि कुटुंब जेवायला बाहेर होते. मुलाने मात्र सकाळीच लेखी जबाबात सांगितले होते की त्याने साडेबाराच्या आसपास खोली झाडली, तेव्हा सासूबाई बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यानंतर तो तिकडे गेला नाही. कागदावर तो सरळ खोटे बोलत होता. यजमानांनी यंत्राचा पडदा पाहिला आणि ते "झाले की सिद्ध" म्हणाले.

तेवढ्यात आमच्या देखभाल विभागातल्या काकांनी एक साधा प्रश्न विचारला, "मॅडम, या कुलपाचे घड्याळ बरोबर आहे का?" आम्ही यजमानांसमोरच मोबाइलवर ५:४० वाजता २०७ च्या दाराला माझे कार्ड लावले, नोंद पुन्हा उतरवली आणि त्या यंत्राचा मोबाइलसह फोटो काढला. यंत्रावर ६:२७ दिसत होते. कुलूप सत्तेचाळीस मिनिटे पुढे होते. २०६ चे पाहिले, तेही जवळपास तितकेच पुढे होते. या कुलपांना वेळ लावली जाते ती त्याच हातातल्या यंत्रावरून, आणि मागच्या वेळी बॅटऱ्या बदलताना यंत्राचेच घड्याळ चुकलेले असावे, असा आमचा निष्कर्ष निघाला. म्हणजे १:११ ची नोंद प्रत्यक्षात १२:२४ ची होती.

एका घड्याळावर विसंबून चालणार नव्हते, म्हणून मी दुसरे पुरावे जुळवले. मजल्यावरच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर १२:१८ ला ट्रॉली २०७ समोर थांबलेली दिसत होती आणि १२:४० ला ती पुढे गेलेली दिसत होती. डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलशी ताडले, तर ते सहा मिनिटे मागे होते. १२:१८ मध्ये सहा मिळवली की १२:२४, आणि ट्रॉली हलली ती १२:४६ ला. दोन चुकलेली घड्याळे दुरुस्त केल्यावर एकाच मिनिटावर आली. त्यानंतर कुलपातली पुढची नोंद पाहुण्यांच्याच कार्डाची होती, दुरुस्त वेळेप्रमाणे १:४९ ची, जेवून परतल्याची. सोमवारी सकाळच्या शोधापर्यंत आमच्यापैकी कोणाचेही कार्ड त्या दाराला लागले नव्हते. सासूबाईंना मी हळूच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, मुलगा आला होता, मी बाहेरच बसले होते, जेवायला निघण्याआधी."

हे वाचणाऱ्या सहकाऱ्यांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, ती वर सांगायची राहिली. नोंद उतरवण्याआधी बॅटरी बदलू नका, घड्याळ दुरुस्त करू नका आणि दारात विनाकारण कार्डे लावत बसू नका. आमच्या कुलपात शेवटच्या दोनशेच नोंदी राहतात, नवी आली की जुनी पुसली जाते. सकाळी शोधाच्या वेळी दार पाच-सहा वेळा उघडले गेले, ते मी टाळायला हवे होते. डीव्हीआरचेही तसेच, आमच्याकडे पंधरा दिवसांनी चित्रण पुसले जाते, म्हणून त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत काढली.

या नोंदीची मर्यादाही मी माझ्या टिपणात लिहिली. कुलूप बाहेरून लागलेले कार्ड नोंदवते, आतून दार उघडल्याचे नोंदवत नाही, बाल्कनीच्या दाराचे तर काहीच कळत नाही. आणि पाहुण्यांचे कार्ड लागले म्हणजे ते कोणाच्या हातात होते, हेही ते सांगत नाही. पाटल्या कुठे आहेत हे आमच्या कागदांवरून ठरत नव्हते. आमच्या कोणत्या माणसाचे कार्ड कधी लागले, एवढेच ठरत होते. यजमानांना मी हे असेच सांगितले आणि पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर आमची गाडी आणि कागद दोन्ही तयार आहेत, असेही सांगितले. तक्रार देणे हा त्यांचा हक्क आहे. "हॉटेलचे नाव खराब होईल" म्हणून त्यांना थांबवणे चूक आहे.

त्यांनी तक्रार दिली. पोलिस ठाण्यात ताईंचा लेखी जबाब, शोधाचे टिपण, कुलपाची नोंद, घड्याळांच्या फरकाचे फोटो आणि चित्रणाची प्रत आम्ही पोच घेऊन दिली. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्यातला पहिला भाग आम्ही भरला, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. दोन्हीत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अक्षर-अंकांचा ठसा, लिहावे लागते, म्हणून प्रत काढल्यावर त्या फाइलला कोणी हात लावू नये. गुन्हा दाखल झाल्यावर प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, हेही मी ताईंना सांगून ठेवले.

रात्री साडेनऊला ते कुटुंब सोलापूरला निघाले. बिल त्यांनी भरले. यजमानांनी त्या मुलाकडे पाहिले नाही, पण सासूबाई जिना उतरताना थांबल्या आणि त्याच्या हातात आमच्या रिसेप्शनवरच्या थाळीतल्या दोन वड्या ठेवून गेल्या. पाटल्या सापडल्याचे आजतागायत मला कोणी कळवलेले नाही. पासवर्ड आता तिजोरीत सीलबंद पाकिटात आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला काका बेचाळीसही कुलपांची वेळ मोबाइलशी ताडून वहीत लिहितात. गेल्या महिन्यात ११४ चे कुलूप तीन मिनिटे मागे निघाले.