विभागवार एएमसी एका लेखाशीर्षाखाली आणताना: माझा अनुभव

आमच्या संस्थेत अंदाजपत्रकाचे काम माझ्याकडे आले तेव्हा उपकरणांच्या वार्षिक देखभाल करारांचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एएमसीचा, खर्च प्रत्येक विभाग आपापल्या परीने दाखवीत असे. प्रयोगशाळा तो ‘उपकरण खर्चा’त धरत असे, संगणक विभाग ‘संगणक साहित्या’त आणि वातानुकूलन व लिफ्ट सांभाळणारा विभाग ‘इमारत दुरुस्ती’त. वित्त समितीने एकदा सरळ विचारले की, देखभालीवर संस्था वर्षाला एकूण किती खर्च करते, आणि त्याचे उत्तर एका बैठकीत देणे कोणालाही जमले नाही. त्यातून हे सर्व करार एकाच लेखाशीर्षाखाली आणण्याचे काम माझ्यावर आले.

एक गोष्ट मी सुरुवातीलाच लेखी मांडून ठेवली. लेखाशीर्ष एक करायचे होते, पुरवठादार नव्हे. प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची देखभाल ती बनवणाऱ्या कंपनीखेरीज कोणी करू शकत नाही. तिथे करार वेगळाच राहणार. हा खुलासा नसता तर एकाच कंत्राटदाराच्या हाती सगळे सोपवले जाणार, असा समज होऊन विभागांनी माहिती देण्यातच हात आखडता घेतला असता.

लेखा नोंदींतून करार शोधताना शीर्षानुसार शोधून काही हाती लागत नव्हते, म्हणून मी पैसे घेणाऱ्यांच्या नावांनुसार शोधले. गेल्या वर्षी ज्यांना देखभालीच्या नावाने काहीही दिले गेले, त्यांची सर्व देयके एकत्र केली. मग प्रत्येक देयकामागचा करार मागवला आणि करारासोबतच्या परिशिष्टातली यंत्रांची यादी मालमत्ता नोंदवहीतल्या अनुक्रमांकांशी, म्हणजे यंत्रावर छापलेल्या सिरियल नंबरशी, जुळवली. यंत्राच्या नावावरून जुळवणी करणे व्यर्थ असते, कारण एकाच यंत्राला दोन विभाग दोन नावांनी ओळखतात.

पुढील आकडे प्रत्यक्ष रकमांचे नाहीत. प्रमाण कळावे म्हणून मी ते एककांत सोपे करून देत आहे. देयकांची बेरीज 1140 आली. त्यातली 48 एकके करारांची नव्हतीच. ती यंत्र बंद पडल्यावर केलेल्या सुट्या दुरुस्त्यांची होती आणि ती दुरुस्तीच्या शीर्षात गेली. आणखी 72 एकके अशा यंत्रांवर खर्च होत होती, ज्यांना करार लागतच नव्हता. काही यूपीएस संगणक विभागाच्याही करारात होते आणि विद्युत कामाच्याही. त्यांचे 30 होते. भंगारात काढलेली काही यंत्रे नूतनीकरणाच्या वेळी जुने परिशिष्ट जसेच्या तसे जोडले गेल्यामुळे यादीत टिकून होती; त्यांचे 24 होते. उरलेले 18 वॉरंटीत असलेल्या यंत्रांवर जात होते, कारण खरेदी झाल्याबरोबर ती चालू करारात घातली गेली होती. या सर्वांना वगळून करारांचे खरे वार्षिक मूल्य 1020 ठरले.

येथे टिपणीतल्या शब्दांबद्दल मी फार आग्रही राहिलो. 1140 वरून 1020 ही घट ‘बचत’ म्हणून दाखवण्याचा मोह सर्वांनाच होता. परंतु 48 एककांचा खर्च केवळ जागा बदलून दुसरीकडे गेला होता, आणि वॉरंटीमुळे वगळलेले 18 वॉरंटी संपताच परत येणार होते. कायमची कपात फक्त 54 होती. तेवढीच मी कपात म्हटली.

सर्वांत अवघड प्रश्न तारखांचा होता. प्रत्येक करार वेगळ्या महिन्यात सुरू होत असे आणि आमच्याकडे वर्षाचे पैसे आगाऊ दिले जात. त्यामुळे एकाच अंदाजपत्रकी वर्षात दिलेल्या रकमेचा काही भाग पुढच्या वर्षाच्या सेवेचा असे. सर्व करार आर्थिक वर्षाबरोबर संपतील असे करायचे, तर मधल्या एका वर्षी त्यांना तोकड्या मुदतीचे करावे लागणार होते. संगणक आणि यूपीएसचा 300 चा करार आधीच वर्षाच्या पहिल्या महिन्यात सुरू होत होता. तो तसाच राहिला. प्रयोगशाळेचा 480 चा करार पाचव्या महिन्यात सुरू होत होता. तो आठ महिन्यांसाठीच केला, म्हणजे 320. वातानुकूलन आणि लिफ्टचा 240 चा करार दहाव्या महिन्यात नव्याने सुरू होणार होता. त्याला तीन महिन्यांची मुदतवाढ घेतली, म्हणजे 60. बेरीज झाली 680.

म्हणजे जोडणीच्या वर्षी संस्थेने 680 दिले आणि पुढल्या वर्षी काहीही न वाढता 1020 द्यावे लागणार होते. यंत्रे तीच, सेवा तीच, दर तेच. तरी कागदावर निम्म्याने वाढ. आमचे अंदाजपत्रक प्रत्यक्ष अदा केलेल्या रकमांवर बनते आणि पुढचा आकडा मागच्या खर्चावरून बेतला जातो. अशा ठिकाणी 680 हा आकडा स्पष्टीकरणाशिवाय सोडला, तर पुढच्या वर्षीचे लेखाशीर्ष त्याच्याच आसपास कापले जाणार हे उघड होते. मग शेवटच्या तिमाहीत कोणत्या तरी विभागाचा करार निधीअभावी थांबला असता आणि दोष एकत्रीकरणावर आला असता. म्हणून मी 680 च्या शेजारीच दुसरा रकाना ठेवला: ‘पूर्ण वर्षाचे मूल्य, 1020’. त्याखाली एक वाक्य लिहिले की, 340 चा फरक तोकड्या मुदतींमुळे आहे, तो एकदाच मिळणार आहे आणि पुढील अंदाजासाठी दुसरा रकाना आधार मानावा. ही टिपणी समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घेतली, कारण वर्षभराने समितीत दुसरे सदस्य असू शकतात.

तोकड्या मुदतीला सेवा देणारे सहज तयार होत नाहीत. वर्षाला चार प्रतिबंधक भेटी ठरलेल्या असतील, तर आठ महिन्यांत त्या किती, हा वाद होतो. हिशेबाने दोन पूर्णांक दोन तृतीयांश येतात. आम्ही तीन भेटी लिहून घेतल्या आणि त्यांचे महिनेही करारात घातले. हे जमत नसेल तिथे उलट मार्ग आहे: करार पंधरा किंवा अठरा महिन्यांचा करून पुढच्या वर्षअखेरीपर्यंत न्यायचा. त्यात मात्र जोडणीच्या वर्षीच जास्त पैसे लागतात आणि टिपणी उलट दिशेने लिहावी लागते.

दुसरी अडचण करारांच्या व्याप्तीची होती. काही करार सर्वसमावेशक होते, म्हणजे सुटे भागही त्यात येत. काहींत फक्त तंत्रज्ञाचे श्रम आणि भेटी होत्या. प्रयोगशाळेचा करार दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळे तिची यंत्रे स्वस्तात सांभाळली जातात असे दिसत होते. सुटे भाग ती आपल्या किरकोळ खर्चातून घेत असे. सर्वसमावेशक म्हटलेल्या करारांतही अपवादांचे कलम वाचावे लागते. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि प्रिंटरचे टोनर व ड्रम बहुधा वगळलेले असतात, आणि वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर किंवा गॅस भरणे समाविष्ट आहे की नाही, हे करारागणिक बदलते. मी यादीत ‘व्याप्ती’ असा रकाना करून प्रत्येक करारासमोर काय वगळले आहे ते लिहिले, आणि वगळलेल्या भागांसाठीची तरतूद देखभालीच्या ओळीत न मिसळता शेजारच्या स्वतंत्र ओळीत ठेवली. करारांची रक्कम आधीच बांधलेली असते, सुट्या भागांची केवळ अंदाजाने ठरते. दोन्ही एकत्र केल्या की ओळीतला कुठला भाग पक्का आणि कुठला अंदाजाचा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि कपातीची वेळ आली की पक्क्या भागावरही कात्री चालते. करांचेही तसेच: काही करार करासह लिहिलेले होते, काही कराशिवाय, ते सर्व करासह करून घेतले.

विभागांची खरी हरकत पैशाबद्दल नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला विचारले, “लेखाशीर्ष तुमच्याकडे गेले, ते ठीक आहे. पण यंत्र बंद पडले तर कॉल मी द्यायचा की आधी तुमची परवानगी घ्यायची?” प्रश्न रास्त होता. कॉल देणे, तंत्रज्ञाच्या सर्व्हिस रिपोर्टवर सही करणे आणि काम समाधानकारक झाल्याचा दाखला देणे, हे सर्व विभागाकडेच ठेवले. दाखला आल्याशिवाय देयक मंजूर करायचे नाही, असे ठरले. आगाऊ रकमेऐवजी तिमाही अदायगी मान्य करणाऱ्या कंपन्यांशी तसे ठरवले, कारण पूर्ण रक्कम आधीच दिल्यावर विभागाच्या दाखल्याला फारसे वजन उरत नाही. शिवाय यादीतल्या प्रत्येक यंत्रापुढे विभागाचा संकेतांक कायम ठेवला, म्हणजे एका ओळीतला कोणता वाटा कोणाचा हे केव्हाही वेगळे काढता येते.

जोडणीनंतरच्या वर्षाचा प्रस्ताव मी एका पानात बसवला. सुरुवात 1020 पासून होती. वर्षाच्या मध्यावर वॉरंटी संपणाऱ्या यंत्रांच्या कराराचे पूर्ण वर्षाचे मूल्य 90 होते. सहा महिन्यांसाठी त्याचे 45 धरले. मागे वगळलेले 18 या 90 मध्येच होते. दरवाढीचे कलम सर्व करारांत नव्हते. ज्यांत होते त्यांचे मूल्य 400 होते आणि 5 टक्क्यांप्रमाणे त्याचे 20 झाले. सरसकट सगळ्या रकमेवर टक्केवारी लावण्याची जुनी सवय येथे सोडावी लागली. एकूण 1085. खाली एक ओळ जोडली की, वॉरंटी संपलेल्या यंत्रांचे उरलेले 45 त्यापुढील वर्षी येतील.

समितीत एका सदस्याने 680 वरून 1085 कसे झाले, असे अपेक्षेप्रमाणे विचारलेच. मी इतिवृत्तातली नोंद आणि हे पान समोर ठेवले. 340 मुदतींचे, 45 वॉरंटीचे, 20 दरवाढीचे, अशी 405 ची फोड झाली आणि चर्चा दरवाढीच्या कलमाकडे वळली. त्या 20 एककांपैकी काही भाग वाटाघाटीने कमी करता येईल का, हे पाहण्यास मला सांगण्यात आले.

दोन करार मी अजूनही या ओळीबाहेर ठेवले आहेत. ते बाहेरच्या अनुदानातून घेतलेल्या यंत्रांचे आहेत आणि त्या अनुदानाचा हिशेब अटीनुसार स्वतंत्र द्यावा लागतो. यादीत त्यांची यंत्रे आहेत, रकमेच्या रकान्यात मात्र ‘अनुदानातून’ एवढेच लिहिले आहे. अनुदान संपण्याची तारीख शेजारी आहे, म्हणजे हा बोजा संस्थेवर कधी येणार ते आधीच दिसते.