मान्य नाही

१९ एप्रिल, रात्री

"बाकी मान्य नाही. आमच्याकडे ४,००,१०८ दिसतात." वर्षअखेरची बाकी कळवणाऱ्या माझ्या पत्राला गिऱ्हाइकाच्या हिशेबवाल्या मॅडमचं एवढंच उत्तर. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. आमच्या वहीत ४,८६,३२० येणे.

रकमेचं एवढं नाही, पण ते 'मान्य नाही' दिवसभर डोक्यात घोळतंय. बिल गेलं की त्याच दिवशी एंट्री, दर सोमवारी बँकेचा उतारा लावायचा, एकही चलन टेबलावर पडून राहू द्यायचं नाही. आणि एवढं करून कुणीतरी दोन शब्दांत सांगतं की तुमची वही खोटी आहे. शेठ म्हणाले, "अगं फोन कर ना." फोन करून काय बोलणार? त्या त्यांचा आकडा सांगतील, मी माझा. आकड्यावर आकडा आपटून काही निघत नाही.

दुपारी मी पाठवलेलं पत्र पुन्हा उघडलं. "३१ मार्चअखेर आपल्याकडून रु. ४,८६,३२० येणे आहेत. सात दिवसांत उत्तर न आल्यास बाकी मान्य आहे असे समजण्यात येईल." दर वर्षी हेच वाक्य जातं. पण गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे. येणं वसूल करण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने मोजायची, तर ती संपायच्या आत देणेकऱ्याची लेखी कबुली लागते, सहीसकट. त्या वाक्याने आम्हाला काहीच मिळत नव्हतं, समोरच्याला मात्र टोचत होतं. आणि सोबत काय जोडलं होतं, तर फक्त थकलेल्या बिलांची यादी. तिच्यात आलेले पैसे दिसत नाहीत, परत आलेला माल दिसत नाही. तिच्यावरून त्या मॅडम शोधणार तरी काय? त्यांनी मला आकडा दिला, कारण मीही त्यांना आकडाच दिला होता.

मग दुसरा मेल लिहिला. १ एप्रिल ते ३१ मार्च पूर्ण खातेउतारा, सुरुवातीच्या बाकीसकट, एक्सेलमध्ये. खाली एवढंच: "आपल्या वहीतला आमच्या नावाचा याच तारखांचा उतारा पाठवावा, फरक आम्ही शोधून कळवतो." शोधायचं काम आपल्या अंगावर घेतलं की उतारा येतो. तासाभरात आला.

फरक ८६,२१२. जुनी सवय, आधी नऊने भागून पाहिलं. अंकांची अदलाबदल झाली असेल तर भाग जातो. नाही गेला. मग निम्मा केला, ४३,१०६. नावेच्या जागी जमा पडलं असेल तर निम्म्या रकमेची एंट्री सापडते. तीही नाही. या दोन्ही युक्त्या चूक एकच असेल तरच चालतात. इथे एक नव्हती.

आधी सुरुवातीची बाकी पाहिली. ती जुळली, म्हणजे मागच्या वर्षात जायला नको. मग दोन्ही उतारे शेजारी ठेवून जुळेल त्या ओळीवर टीक. आपलं नावे ते त्यांचं जमा, हे डोक्यात पक्कं ठेवायचं आणि तारखेवर जायचं नाही, रकमेवर आणि बिल नंबरावर जायचं. शेवटी टीक न झालेल्या चार ओळी उरल्या.

पहिली सोपी. ३० मार्चचं बिल, ६४,९००. माल ३१ ला संध्याकाळी त्यांच्या गेटवर पोचला, तपासणी होऊन माल स्वीकारल्याची त्यांची नोंद, म्हणजे जीआरएन, झाली ३ एप्रिलला. आमच्याकडे मार्चमध्ये, त्यांच्याकडे एप्रिलमध्ये. चलनाच्या प्रतीवर गेटचा शिक्का आहे, तो स्कॅन करून जोडला.

दुसरी त्यांची डेबिट नोट, ९,९१२. रिजेक्शनचे ४० नग, २१० ने ८,४००, वर १८ टक्के जीएसटी. आम्हाला अशी नोट आलीच नाही असं मी तावातावाने म्हणणार होते. स्टोअरमध्ये भाऊंना विचारलं, तर त्यांनी खिळ्याला अडकवलेल्या चलनांतून तेलाचा डाग पडलेला कागद काढून दिला. माल फेब्रुवारीतच परत आलाय. कागद खिळ्यावर राहिला, माझ्यापर्यंत आलाच नाही. त्यांच्या डेबिट नोटेने आमचा कर कमी होत नाही, त्यासाठी क्रेडिट नोट आम्हीच काढायची. ती एप्रिलच्या तारखेची होणार, म्हणून ३१ मार्चच्या जुळवणीत ती वेगळ्या ओळीत दाखवली.

तिसरी ओळ पाहिली आणि हात थांबला. त्यांनी नोव्हेंबरात ३५,००० पाठवलेत, बँकेच्या यूटीआर नंबरसकट. आमच्या उताऱ्यात नाहीत. बँकेत आहेत. बँकेच्या ओळीत नाव अर्धंच येतं, आणि त्या अर्ध्या नावाने सुरू होणारी आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं. पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा. रक्कम कुठल्या बिलापोटी ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून ऑन अकाउंट टाकलेली, आणि ऑन अकाउंट पडलेली रक्कम कुठलंच बिल मिटवत नाही, त्यामुळे ओरडही करत नाही. एंट्री माझीच. दिवसभर मी ज्या वहीसाठी चिडले होते ती वही.

चौथी उलट्या बाजूची. आमचं २३,६०० चं बिल त्यांच्याकडे दोनदा चढलंय, एकदा ०१८७ आणि एकदा नुसतं १८७. त्यांच्या संगणकाला ती दोन वेगळी बिलं वाटली. म्हणजे त्यांच्या वहीत आमचं देणं उलट जास्त दिसतंय. पहिल्या तिन्हींची बेरीज १,०९,८१२, त्यातून हे २३,६०० वजा, म्हणून ८६,२१२. वरचा फरक नुसता मिटवायचा म्हणून तेवढ्याची एंट्री टाकली असती, तर हे चारही तसेच आत राहिले असते. शेठ म्हणाले, "ते कशाला सांगायचं?" सांगायलाच हवं. आम्ही विक्रीच्या विवरणपत्रात, जीएसटीआर-१ मध्ये, ते बिल एकदाच भरलंय, त्यावरून बनणाऱ्या त्यांच्या खरेदीच्या २बी उताऱ्यातही ते एकदाच येणार. कधीतरी त्यांनाच सापडेल, आणि मग माझा पुढचा कुठलाच उतारा त्या मानणार नाहीत.

आता आमचे ४,८६,३२० मधून ३५,००० आणि ९,९१२ वजा: ४,४१,४०८. त्यांचे ४,००,१०८ अधिक ६४,९००, वजा २३,६००: ४,४१,४०८. दोन्हीकडून एकच आकडा आला तेव्हा कुणावरच राग उरला नाही. त्यांचं 'मान्य नाही' बरोबर होतं. माझा आकडा मान्य करण्यासारखा नव्हताच.

चार ओळींचं पत्रक आणि प्रत्येक ओळीचा कागद जोडून पाठवलं. साताला मॅडमचा मेल आला: "१८७ उद्या उलटवते. बाकी बरोबर. सही करून पाठवते." या वेळी खाली नाव होतं.

उद्या सकाळी पहिलं काम दुसऱ्या गिऱ्हाइकाचं. नोव्हेंबरपासून त्याच्या खात्यात ३५,००० जास्तीचे जमा आहेत, आणि त्यालाही मी त्याच दिवशी तेच पत्र पाठवलं होतं. त्याची सही सगळ्यात आधी आली, शिक्क्यासकट. बाकी मान्य.