स्लो-मोशनमधून g: फोन आडवा, उलटा आणि उभा

पडणाऱ्या गोळीचं फोनने स्लो-मोशन चित्रण करून गुरुत्वत्वरण g मोजायच्या प्रयोगातल्या या टप्प्याचे आकडे आधी. तीच पोलादी गोळी, तीच उंची, तेच अंतर. बदलली ती फक्त फोनची ठेवण. फोन आडवा धरून त्वरण आलं ९.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग. तोच फोन १८०° फिरवून, म्हणजे आडवाच पण उलटा, आलं ९.५७. उभा धरल्यावर ९.७७. प्रत्येक संचातला विखुरलेपणा ०.०२ च्या आतला, म्हणजे हे आकडे योगायोगाने वेगळे आलेले नाहीत. या नोंदीचा बराचसा भाग या चार टक्क्यांच्या तफावतीवर आहे, कारण ती आलेखात दिसत नाही.

मांडणी साधी आहे. २५ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ६४ ग्रॅमची पोलादी गोळी विद्युतचुंबकातून सोडायची. पडण्याचं अंतर १ मीटर, त्याला सुमारे ०.४५ सेकंद लागतात आणि २४० फ्रेम प्रति सेकंदाने १०८ फ्रेम मिळतात. फोन ट्रायपॉडवर, गोळीपासून १.७ मीटरवर, मुख्य लेन्सवर. आडव्या फोनच्या चौकटीत उभा १.२ मीटरचा भाग मावतो, म्हणजे एका मिलिमीटरला ०.९ पिक्सेल. उभा फोनही त्याच जागी ठेवला, त्यामुळे पिक्सेलचं प्रमाण तेच राहिलं आणि तुलना सरळ झाली.

प्रमाण ठरवायला पट्टी मागच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत टाळावी. भिंत गोळीच्या १० सेंटिमीटर मागे असेल तर पट्टी १.८ मीटरवर आणि गोळी १.७ मीटरवर राहते. गोळीची हालचाल मोठी दिसते आणि g जवळपास ६ टक्क्यांनी फुगतो. त्यापेक्षा गोळी जिथून सुटते त्याच बिंदूतून ओळंबा सोडावा, दोऱ्यावर दर १० सेंटिमीटरला खूण करावी, ओळंबा स्थिर झाल्यावर काही सेकंद चित्रण घ्यावं आणि फोनला हात न लावता ओळंबा काढून गोळी सोडावी. या दहा भागांचा दुसरा उपयोगही आहे. फोन पुढे-मागे झुकलेला असेल तर वरचे आणि खालचे भाग पिक्सेलमध्ये सारखे येत नाहीत. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या भागात १ टक्का फरक असला, तर एकूण मीटर बरोबर धरूनही g मध्ये साधारण ०.०४ ची चूक शिरते. म्हणून आधी दहाही भाग मोजावेत आणि ते सारखे येईपर्यंत ट्रायपॉडचं डोकं हलवत राहावं.

आता वेळ. फोनच्या पडद्यावर २४० लिहिलंय म्हणून १/२४० सेकंद धरू नये. प्रत्येक फ्रेमचा वेळशिक्का फाइलमध्येच असतो, तो बाहेर काढावा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 fall.mov
```

लागोपाठच्या दोन आकड्यांत ०.००४१७ च्या आसपास अंतर दिसलं तर फाइल खऱ्या वेळेत आहे. ०.०३३३ दिसलं तर फोनने ती आधीच आठपट ताणून ठेवली आहे आणि सगळ्या वेळा आठाने भागाव्या लागतील. हे राहून गेलं तर g ६४ पट कमी, म्हणजे ०.१५ च्या घरात येतो, त्यामुळे ही चूक लपत नाही. लपते ती गळलेली फ्रेम. मध्येच एखादं अंतर ०.००८३ असेल तर तिथे एक फ्रेम नाही. वेळशिक्के वापरले तर त्याने काही बिघडत नाही, पण फ्रेमचा क्रमांक मोजून वेळ काढली तर तिथून पुढचं सगळं सरकतं. आणि मूळ फाइलच घ्यावी. गॅलरीतून छाटलेली किंवा मेसेजमधून आलेली प्रत पुन्हा एन्कोड झालेली असू शकते.

वेळशिक्के स्वतः बरोबर आहेत का, हे पाहायला दुसऱ्या फोनवरचं स्टॉपवॉच ३० सेकंद त्याच स्लो-मोशनमध्ये टिपावं. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, म्हणून ३० सेकंदांवर ही चूक ०.०६ टक्के राहते. वेळेतली चूक g मध्ये दुप्पट होऊन उतरते, तरी एवढी तपासणी या कामाला पुरते.

गोळीची जागा प्रत्येक फ्रेममध्ये अर्ध्या पिक्सेलपर्यंत ठरवता येते, म्हणजे ०.५५ मिलिमीटर. हे बारीक वाटतं, पण लागोपाठच्या तीन फ्रेममधून थेट त्वरण काढायला गेलात तर हीच अर्धा पिक्सेल चूक सुमारे ७८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी होते. त्यात ९.८ शोधणं व्यर्थ आहे. सगळ्या बिंदूंना मिळून एकच वर्गसमीकरण बसवायचं:

y = y0 + v0·t + ½·a·t²

तिन्ही संख्या मोकळ्या सोडायच्या. गोळी नेमक्या कोणत्या फ्रेमला सुटली हे डोळ्यांनी ठरवून तिथे t = 0 आणि v0 = 0 पक्कं करण्याचा मोह होतो, पण चुंबकातली उरलेली ओढ आणि सुरुवातीची नगण्य हालचाल यांमुळे तो क्षण नीट कळत नाही. एका फ्रेमची चूकही g ला १.८ टक्के हलवते. v0 मोकळा असेल तर सुटण्याचा क्षण लागतच नाही. सुटल्यानंतर ०.०४ ते ०.४४ सेकंदांतले ९६ बिंदू घेतले की बसवणुकीतून येणारी अनिश्चितता सुमारे ०.०१ राहते.

```
import numpy as np
t, y = np.loadtxt("fall.csv", delimiter=",", unpack=True)
t = t - t.mean()
c = np.polyfit(t, y, 2)
print(2 * c[0])
print(y - np.polyval(c, t))
```

गोळी शेवटी ४.४ मीटर प्रति सेकंदाने जाते, म्हणजे दर फ्रेमला १८ मिलिमीटर. शटर १/२४० वर राहिलं तर ती तितकीच लांब पुसट रेघ होते. १/२००० वर कुलूपबंद केलं की रेघ २ मिलिमीटरवर येते. मात्र प्रकाश भरपूर लागतो. रेघ असली तरी दरवेळी तिचा मध्यच घेतला, किंवा दरवेळी खालची कडाच घेतली, तर त्वरण बिघडत नाही, फक्त सगळ्या वेळा सारख्याच सरकतात. सुरुवातीला गोळीचा मध्य आणि वेग वाढल्यावर रेघेची कडा, असं मिश्रण झालं की वक्र वाकतो.

एवढं सगळं सांभाळून आडव्या फोनने ९.९८ दिलं. बसवलेला वक्र आणि मोजलेले बिंदू यांतले उरलेले फरक तपासले तर ते अर्ध्या पिक्सेलच्या आत, इकडे-तिकडे विखुरलेले. असा आलेख पाहून निकालावर विश्वास बसतो, आणि नेमकी तिथेच फसगत आहे.

फोनचा सेन्सर पूर्ण फ्रेम एका क्षणात टिपत नाही. तो ओळीमागून ओळ वाचतो, आणि या ओळी फोनच्या लांब बाजूला समांतर असतात. फोन आडवा असला की वाचन दृश्यात वरून खाली किंवा खालून वर जातं. पहिल्या स्थितीत गोळी आणि वाचन एकाच दिशेने चालतात. गोळी जितकी खाली, तितकी तिची ओळ उशिरा वाचली जाते आणि तेवढ्या वेळात ती आणखी थोडी उतरलेली असते. फ्रेमवर मात्र शिक्का एकच. त्यामुळे गोळी खऱ्यापेक्षा जास्त वेगाने वेग घेताना दिसते. फोन उलटा केला की वाचन विरुद्ध दिशेने येतं आणि g तितकाच कमी दिसतो.

वाचनाला दर मीटरमागे k सेकंद लागत असतील, तर जागेत ½·k·g²·t³ इतकी भर पडते आणि वर्गसमीकरण बसवल्यावर त्वरण 3·k·g²·tm ने वाढतं. इथे tm म्हणजे सुटल्यापासून मोजलेली, बसवलेल्या भागाची मधली वेळ, आपल्याकडे ०.२४ सेकंद. दोन आडव्या निकालांतला फरक ०.४१, त्याचा अर्धा ०.२०५. त्यावरून k येतो सुमारे ०.००३० सेकंद प्रति मीटर, म्हणजे १.२ मीटरची पूर्ण चौकट वाचायला ३.६ मिलिसेकंद. फ्रेमचा एकूण काळ ४.१७ मिलिसेकंद आहे, त्यात हे नीट बसतं. हा आकडा या फोनच्या या मोडपुरता आहे. दुसऱ्या फोनला आणि त्याच फोनच्या दुसऱ्या मोडलाही तो वेगळा काढावा लागेल.

घनाची ही भर उरलेल्या फरकांत दिसत का नाही? कारण ०.४ सेकंदांच्या तुकड्यात वर्गसमीकरण तिचा जवळपास सगळा भाग गिळून टाकतं. उरते ती ०.४६ मिलिमीटरची नागमोड, म्हणजे ०.४ पिक्सेल. तीही मोजणीच्या गोंधळात बुडते. निकाल २ टक्क्यांनी चुकलेला असताना आलेख निर्दोष दिसतो. म्हणून वक्र किती छान बसला यावरून निकालाची परीक्षा करू नये. फोन उलटा करून पुन्हा मोजावं. दोन्हींची सरासरी, इथे ९.७७५, वाचनाचा परिणाम जवळपास पूर्ण काढून टाकते.

फोन उभा धरला की ओळी उभ्या होतात आणि वाचन डावीकडून उजवीकडे किंवा उलट जातं. सरळ खाली पडणारी गोळी पूर्ण वेळ त्याच ओळींत राहते, तिला मिळणारा उशीर बदलत नाही, आणि न बदलणारा उशीर t च्या सरकण्यात विरून जातो. अट एकच: फोन ओळंब्याला समांतर हवा. गोळीचा मार्ग चौकटीत तिरका असेल तर थोडा परिणाम परत येतो, पण तिरकेपणाच्या प्रमाणातच.

उभ्या फोनचा नेमका निकाल ९.७७२. त्यात हवेची दुरुस्ती मिळवायची. शेवटच्या वेगाला या गोळीवरचा हवेचा अवरोध त्वरणात ०.०४ इतका असतो, पण पूर्ण बसवणुकीवर त्याचा भार ०.०१२ च येतो; उत्प्लावनाचे आणखी ०.००१५ धरले की ९.७८५ ते ९.७८६. ओळंब्यावरचा मीटर १ मिलिमीटरपर्यंत खरा धरला तर तेवढ्यानेच ०.०१ ची अनिश्चितता येते, म्हणून ९.७९ ± ०.०२ असं लिहिणं रास्त. समुद्रसपाटीवर g विषुववृत्ताशी ९.७८० आणि ध्रुवांशी ९.८३२ असतो, तेव्हा पुस्तकातल्या ९.८१ शी नव्हे, आपल्या अक्षांशाच्या मूल्याशी ताडून पाहावं. हलकी वस्तू या दुरुस्तीत बसणार नाही: २.७ ग्रॅमच्या टेबल टेनिसच्या चेंडूवर ४ मीटर प्रति सेकंदाला हवेचा अवरोध त्याच्या वजनाच्या एक-पंचमांश होतो, आणि मग वर्गसमीकरणच चुकीचं ठरतं.

पुढच्या टप्प्यात ओळंब्याच्या दोऱ्याऐवजी खाचा कोरलेली पोलादी पट्टी त्याच बिंदूतून टांगायची आहे. दोरा वजनाने ताणला जातो, आणि आता निकालातल्या मोठ्या अनिश्चिततांपैकी ती एक आहे.