दोन जोड्या

पाठ संपल्यावर माझी एक प्रशिक्षणार्थी शिक्षिका वही घेऊन माझ्यासमोर बसली. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नुकतीच आलेली आणि पहिल्याच सराव पाठाला पाचवीचा वर्ग मिळालेला. पाठाबद्दल काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, ''मॅडम, पेडॅगॉजी म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीच ना? मग वेगळा शब्द कशाला?''

नोट्समध्ये व्याख्या आहे, 'अध्यापनाचे शास्त्र आणि कला'. परीक्षेत ती लिहिली की गुण मिळतात. मला तिला ती सांगवेना, कारण उत्तर तिच्याच टाचणात होतं.

पाठ होता दशांश अपूर्णांकांची तुलना. तिने फळ्यावर ०.५ आणि ०.७५, मग ०.३ आणि ०.६२, मग ०.२ आणि ०.४८ अशा जोड्या लिहिल्या. नियम दिला : जिथे अंक कमी तिथे शेवटी शून्य जोडा, दोन्हीकडचे अंक सारखे करा आणि मग तुलना करा. सगळ्या वर्गाने बरोबर उत्तरं दिली. निरीक्षणाच्या तक्त्यात प्रस्तावना, फलकलेखन, आवाज, साधने, वेळेचं नियोजन असे रकाने असतात आणि प्रत्येकात तिला चांगले गुण पडले असते. 'हीच उदाहरणं का?' असा रकाना मात्र त्यात नाही. वर्षानुवर्षं हे तक्ते भरतेय आणि दर वेळी ही उणीव खटकते.

मी तिला म्हटलं, ''समज, एखादा मुलगा दशांश चिन्हाकडे बघतच नाही. ०.७५ म्हणजे त्याच्या मनात पंच्याहत्तर, ०.५ म्हणजे पाच. तुझ्या जोड्यांत तो कुठे चुकेल?''

तिने तीनही जोड्या तपासल्या. तो कुठेच चुकत नव्हता. प्रत्येक जोडीत जास्त अंकांची संख्याच मोठी होती. शून्य जोडल्यावर तर त्याला पन्नास आणि पंच्याहत्तर दिसणार, म्हणजे त्याचा समज आणखी पक्का होणार.

''मग ०.४ आणि ०.३५ द्यायला हवं होतं,'' ती म्हणाली. बरोबर, इथे तो पस्तीस मोठे म्हणून सापडतो. पण वर्गात दुसऱ्या प्रकारचंही मूल असतं. शतांश दशांशापेक्षा लहान हे त्याने नीट ऐकलेलं असतं, म्हणून शतांशापर्यंत गेलेली संख्याच लहान असं ते धरून चालतं. ०.४ मोठे हे उत्तर त्याचंही येतं, पण चुकीच्या कारणाने. त्याच्यासाठी ०.३ आणि ०.४५ लागतात. तिथे ते ०.३ मोठे म्हणतं. एका जोडीने भागत नाही, दोन्ही लागतात.

दुसऱ्या दिवशी तिने तास सुरू होताच या दोन जोड्या दिल्या. शून्य न जोडता उत्तर लिहा आणि खाली कारण लिहा, एवढीच सूचना. आदल्या दिवशी सगळं बरोबर आलेल्या त्याच वर्गात दोन्ही प्रकारची मुलं निघाली. एका मुलीने लिहिलं होतं, 'शंभर तुकडे केले की तुकडा बारीक होतो, म्हणून ०.४५ लहान.' पहिलं वाक्य अगदी खरं आहे. तुकडे किती घेतले, तेवढंच तिने मोजलं नव्हतं.

मग प्रशिक्षणार्थीने फळ्यावर शंभर चौकोनांची जाळी काढली. ०.४ म्हणजे चार पूर्ण उभ्या पट्ट्या. ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि वर पाच सुटे चौकोन. ती 'शून्य पॉइंट पस्तीस' असं वाचत होती, ते बदलून 'शून्य पॉइंट तीन पाच' म्हणायला लागली. आधी पट्ट्या बघा, पट्ट्या सारख्या असतील तरच सुटे चौकोन बघा, हे मुलांनी स्वतःच सांगितलं. त्यानंतर शून्य का जोडायचं हेही त्यांना जाळीत दिसलं : चार पट्ट्या म्हणजे चाळीस चौकोन.

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये या ज्ञानाला 'पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज' म्हटलं. विषय येणं वेगळं, वर्ग सांभाळता येणं वेगळं. हा धडा मुलांना कुठे अडतो आणि कोणत्या उदाहरणाने सुटतो, हे जाणणं तिसरंच. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टींची परीक्षा होते आणि तिसरी येईल आपोआप असं गृहीत धरलं जातं. ती आपोआप येत नाही. गणितातलं हे ज्ञान इतिहासाच्या तासाला उपयोगी पडत नाही, तिथल्या मुलांचे समज वेगळे असतात. म्हणून 'पद्धती' एवढ्यावर हा शब्द भागत नाही.

तासाच्या शेवटी तिने ०.४ आणि ०.३७५ ही जोडी दिली. बरीच मुलं परत ०.३७५ कडे वळली, कारण सहस्रांश त्या जाळीत दिसतच नाही. एका चौकोनाचे पुन्हा दहा भाग करून दाखवावे की इथून संख्यारेषेवर जावं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिला संख्यारेषा हवी आहे. मला वाटतं, पाचवीत एक चौकोन मोठा करून दाखवणं आधी यावं. पुढच्या टाचणात तिने स्वतःहून एक रकाना आखलाय, 'मूल काय चुकीचं उत्तर देईल आणि का', आणि या जोडीसमोर तो अजून अर्धा कोरा आहे.