छोट्या कंपनीत इंटर्नशिप मागताना मी मेलमध्ये काय लिहिलं

मी मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे आणि सुट्टीत मला खऱ्या कामाच्या जागी जायचं होतं. पंप रिपेअर करणारी एक छोटी कंपनी आम्ही कॉलेजच्या व्हिजिटला बघितली होती, तिथेच विचारायचं ठरवलं. अशा ठिकाणी एचआर वगैरे काही नसतं, मेल थेट मालकीणबाई वाचतात, त्याही कामाच्या गडबडीत, आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार की ही मुलगी आली तर हिला काम कोण शोधून देणार आणि शिकवायला वेळ कोणाकडे आहे. "मला शिकायची खूप आवड आहे" याने तो प्रश्न सुटत नाही, म्हणून काम मीच सुचवलं.

व्हिजिटला स्टोअरच्या काकांनी त्यांची स्टॉकची एक्सेल शीट दाखवली होती. एकच बेअरिंग `6204 ZZ`, `6204-zz` आणि `6204ZZ` असं तीन ओळींत, प्रत्येकीपुढे वेगळा आकडा. काका म्हणाले होते की शीटवर दोनच दिसली म्हणून नवीन मागवली आणि मग खणात अजून बरीच निघाली! तेच धरून लिहिलं. सब्जेक्टमध्येच "मे-जून इंटर्नशिप: स्टॉक शीटमधली डबल नावं साफ करणे" असं टाकलं, आणि खाली हे:

"नमस्कार मॅडम, मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हिजिटला आपल्याकडे आले होते. स्टॉक शीटमध्ये एकाच पार्टची वेगवेगळी नावं दिसली. ती एकत्र करून प्रत्येक पार्टची खरी संख्या काढून द्यायचं काम मी करू शकते. मला एक्सेलमधले फॉर्म्युले आणि पिव्होट टेबल नीट येतात, ड्रॉइंग वाचता येतं, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर येत नाही. 12 मे ते 27 जून, सोमवार ते शुक्रवार 10 ते 5 येऊ शकते, फक्त 3 जूनला तोंडी परीक्षा आहे. सोबत एक छोटा नमुना जोडलाय. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

काय येत नाही ते मुद्दाम लिहिलं, कारण नाहीतर त्या बिलिंगचं काम गृहीत धरतील आणि पहिल्याच आठवड्यात दोघींची पंचाईत. नमुन्यात कंपनीचा डेटा अजिबात नव्हता, तो माझ्याकडे असायचं कारणही नाही, मी स्वतः बनवलेल्या ओळी होत्या आणि हा फॉर्म्युला:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(A2),"-","")," ","")
```

याने सगळी अक्षरं कॅपिटल होतात, डॅश आणि स्पेस निघून जातात, म्हणजे वरची तिन्ही नावं `6204ZZ` होतात आणि मग पिव्होटमध्ये बेरीज एका जागी येते.

उत्तर लगेच आलं नाही. आठवड्याभराने त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवली, मग मॅडमचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "6204 2RS पण यात मिसळून टाकशील का?" मी म्हटलं नाही मॅडम, दोन्हीचा आतला व्यास 20 मिमी, बाहेरचा 47, पण ZZ ला दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असतं आणि 2RS ला रबराचं सील, एकाच्या जागी दुसरं परस्पर नाही देता येत. मग त्यांनी C3 विचारलं. त्यात आतली मोकळीक जास्त असते, मोटर गरम होते तिथे ते मुद्दाम वापरतात, म्हणून तेही वेगळंच ठेवणार. फॉर्म्युला फक्त लिहिण्यातला फरक काढतो, पार्ट एकच आहे का हे माणसानेच ठरवायचं, त्यामुळे शंका असेल तिथे काकांबरोबर खणातला माल बघून, त्यावरचा नंबर वाचून मगच ओळ जोडीन असं सांगितलं. मला वाटतं फोन इथेच वळला, कारण नंतर त्या थेट कामाचंच बोलायला लागल्या.

त्यांनी काम छोटं केलं, आणि ते बरोबरच होतं. सगळा स्टोअर नको, फक्त बेअरिंग आणि सील. शिवाय म्हणाल्या, तू गेल्यावर पुन्हा कोणीतरी `6204 - zz` लिहिणार, त्याचं काय? हे माझ्या मेलमध्ये नव्हतं, पण उपाय सोपा आहे, डेटा व्हॅलिडेशनने त्या कॉलममध्ये ड्रॉपडाऊन लावायचा, काका यादीतूनच नाव निवडतील आणि नवीन पार्ट आला तर आधी यादीत चढवतील. तेही कामात धरलं.

स्टायपेंडचं मी त्याच फोनवर सरळ विचारलं, त्यांनी जाण्यायेण्याचा खर्च देते म्हटलं आणि मला ते चाललं. शीट घरी न्यायची नाही, कंपनीच्याच कॉम्प्युटरवर काम करायचं आणि रोजची कॉपी तारीख टाकून वेगळी ठेवायची, ही त्यांची अट. संध्याकाळी हे सगळं मी मेलवर लिहून पाठवलं, त्यांचं "ओके" आलं, आता कॉलेजकडून तेवढं पत्र घ्यायचंय.